वीजबिलातला आकडा येतो कुठून?

महावितरणच्या घरगुती बिलावर 'वीज आकार' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर एकच रक्कम छापलेली असते. ती रक्कम किती टप्प्यांतून आली, कोणत्या दराने आली, किती महिन्यांच्या हिशेबाने आली, हे त्या ओळीवरून कळत नाही. वापरलेली युनिट बिलावर असतात आणि दरांचा तक्ताही असतो. मधली आकडेमोड ग्राहकाने स्वतः करून पाहायची असते, आणि बहुतेक घरांत ती कोणी करत नाही. रक्कम नेहमीसारखी असली तर भरून टाकायची आणि फुगलेली दिसली तर 'मीटर पळतंय' म्हणायचे, अशीच सर्वसाधारण रीत आहे.

बिल काढणारा संगणक गुणाकारात चुकत नाही. त्याला दिलेले आकडे मात्र चुकू शकतात. रीडिंग चुकीचे गेले, दोन महिन्यांचा वापर एका महिन्याचा म्हणून धरला गेला, घराला दुकानाचा दर लागला, तर संगणक त्या चुकीच्या आकड्यांवर अगदी बरोबर बिल काढतो. म्हणूनच बिल पडताळताना बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहून भागत नाही. युनिटपासून सुरुवात करून पूर्ण हिशेब स्वतः मांडला, की कुठल्या ओळीत काय शिरले आहे ते नेमके सापडते.

त्यासाठी दरपत्रक लागते. महाराष्ट्रात विजेचे दर कंपनी स्वतःहून ठरवत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. इथे मी आयोगाच्या 31 मार्च 2023च्या आदेशातले 2024-25 या वर्षाचे दर घेते. ते वर्ष पूर्ण झालेले असल्याने त्या दरांत आता काही हलणार नाही. आपल्या हातातल्या बिलासाठी त्या महिन्याला लागू असलेले दर घालायचे. मांडणी तीच राहते.

त्या वर्षी सिंगल फेज घरगुती जोडणीला महिन्याचा स्थिर आकार 128 रुपये होता. पहिल्या 100 युनिटना प्रत्येकी 4.71 रुपये, 101 ते 300 युनिटना 10.29, 301 ते 500 युनिटना 14.55 आणि 500च्या वर 16.64 रुपये असा वीज आकार होता. शिवाय टप्पा कोणताही असो, प्रत्येक युनिटवर 1.17 रुपये वहन आकार होता. वहन आकार म्हणजे तारांच्या जाळ्यातून वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे.

आता एक घर घेऊ. तालुक्याच्या गावातले, चार माणसांचे. मागील रीडिंग 6482, चालू रीडिंग 6722. वजाबाकी 240. घरगुती मीटरला 'गुणक अवयव' 1 असतो, म्हणजे वापर 240 युनिट.

या 240 युनिटचे दोन भाग करायचे. पहिली 100 युनिट 4.71ने, म्हणजे 471 रुपये. उरलेली 140 युनिट 10.29ने, म्हणजे 1440 रुपये 60 पैसे. दोन्ही मिळून वीज आकार 1911.60. बिलावर 'वीज आकार' या ओळीत नेमका हाच आकडा असायला हवा, पैशापर्यंत. वहन आकार 240 गुणिले 1.17, म्हणजे 280.80. स्थिर आकार 128.

यानंतर इंधन समायोजन आकार येतो. कंपनीला वीजखरेदीचा खर्च आयोगाने धरलेल्या अंदाजापेक्षा कमी-जास्त आला, की तो फरक या ओळीतून वसूल होतो किंवा परत मिळतो. तो दर महिन्याला बदलतो आणि टप्प्यागणिक वेगळा असू शकतो, म्हणून बिल बघताना सर्वांत आधी लोक इथेच गोंधळतात. कंपनी त्याचे परिपत्रक काढते. आपल्या महिन्याच्या परिपत्रकातले पैसे घेऊन युनिटना गुणायचे. आपल्या हिशेबापुरते समजू, की पहिल्या टप्प्याला युनिटमागे 20 पैसे आणि दुसऱ्याला 40 पैसे आहेत. मग 100 युनिटचे 20 रुपये आणि 140 युनिटचे 56 रुपये, एकूण 76.

आता चारही ओळींची बेरीज करायची: 128, 1911.60, 280.80 आणि 76. बेरीज आली 2396 रुपये 40 पैसे. वीज शुल्क लागते ते या बेरजेवर. हे शुल्क राज्य सरकारचे असते, महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम 2016खाली ते घेतले जाते आणि घरगुती वापराला त्याचा दर 16 टक्के आहे. 2396.40चे 16 टक्के म्हणजे 383.42. दोन्ही मिळून चालू वीज देयक 2779 रुपये 82 पैसे. महावितरण भरायची रक्कम दहाच्या पटीत आणते, म्हणून पूर्णांक देयक 2780. वरखाली झालेले पैसे पुढच्या बिलात धरले जातात. पुढच्या महिन्याच्या थकबाकीत अठरा पैसे उणे दिसले तर ते इथून आलेले असतात.

एवढी बेरीज एकदा कागदावर केली, की दुसऱ्या महिन्यापासून एक सोपी वाट वापरता येते. वापर 101 ते 300च्या दरम्यान असेल तर सगळी युनिट थेट 10.29ने गुणायची आणि त्यातून 558 वजा करायचे. 240 गुणिले 10.29 म्हणजे 2469.60, 558 गेले, उरले 1911.60. हे 558 म्हणजे पहिली 100 युनिट स्वस्त मिळाल्याचा फायदा: 10.29 आणि 4.71मधला 5.58चा फरक, गुणिले 100. वापर 301 ते 500 असेल तर 14.55ने गुणून 1836 वजा करायचे. दर बदलले की वजा करायचा आकडाही बदलतो, पण तो वर्षातून एकदाच काढावा लागतो.

टप्प्यांबद्दलचा एक गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे, की तो इथे काढून टाकायलाच हवा. 'शंभरच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना जास्त दर लागतो,' असे लोक म्हणतात आणि महिनाअखेरीला शंभरच्या आत राहण्यासाठी पंखे बंद ठेवतात. महाराष्ट्रात घरगुती दराला तसे होत नाही. आयकराच्या टप्प्यांसारखाच हा हिशेब चालतो: वरचा दर फक्त वरच्या युनिटना. 100 युनिटचे बिल, इंधन समायोजन बाजूला ठेवले तर, 830.56 होते आणि 101 युनिटचे 843.85. एकशे एकावे युनिट 13 रुपये 29 पैशांना पडले, एवढाच फरक. ही भीती निव्वळ कल्पनेतून आली आहे असेही नाही. केरळमध्ये महिन्याला 250 युनिटच्या पुढे गेलेल्या घराला पहिल्या युनिटपासून सगळीच युनिट एकाच वरच्या दराने लागतात. तिथे 250ची रेघ खरोखर महाग पडते. आपल्याकडे रेघ ओलांडल्याने मागची युनिट महाग होत नाहीत.

मात्र या टप्प्यांमध्ये एक शब्द दडलेला आहे आणि खरे पैसे तिथे जातात. 100, 300, 500 या मर्यादा महिन्याच्या आहेत. दोन रीडिंगच्या मधला काळ एक महिना असेल तरच त्या जशाच्या तशा लावायच्या. काळ दोन महिन्यांचा असेल तर त्या 200, 600, 1000 अशा धरायच्या. बिलावर कालावधी महिन्यांत छापलेला असतो. ग्राहक रक्कम पाहतो, देय तारीख पाहतो, फार तर युनिट पाहतो. हा छोटा आकडा मात्र नजरेतून निसटतो.

त्याच घराचे पुढचे दोन महिने पाहू. पहिल्या महिन्यात रीडिंग घेणारा आला तेव्हा घराला कुलूप होते आणि मीटर आतल्या पडवीत. त्याने तशी नोंद केली. बिल सरासरीवर निघाले: 180 युनिट. अशा बिलावर चालू रीडिंगच्या जागी मागचेच रीडिंग दिसते किंवा मीटरची स्थिती 'INACCS' वा 'RNA' अशी लिहिलेली असते. त्याचा अर्थ एवढाच, की मीटर पाहिलेला नाही आणि युनिट अंदाजाने धरलेली आहेत. इंधन समायोजन या वेळी सोडून देऊ. स्थिर आकार 128, वीज आकार 1294.20, वहन आकार 210.60, बेरीज 1632.80, शुल्क 261.25. बिल झाले 1894 रुपये 5 पैसे. घरच्यांनी ते भरले.

दुसऱ्या महिन्यात मीटर वाचला गेला: 7222. शेवटचे खरे रीडिंग 6722 होते, म्हणजे 500 युनिट. हा आकडा बघून घरात धसका बसतो, कारण आपण 500च्या टप्प्याच्या टोकाला पोहोचलो असे वाटते. पण ही 500 युनिट दोन महिन्यांची आहेत. पहिला टप्पा 200 युनिटचा, त्याचे 942 रुपये. पुढची 300 युनिट दुसऱ्या टप्प्यातच मावतात, कारण तो आता 600पर्यंत आहे. त्यांचे 3087 रुपये. वीज आकार 4029. वहन आकार 585, स्थिर आकार दोन महिन्यांचा 256. बेरीज 4870, त्यावर शुल्क 779.20, एकूण 5649.20. यातून मागच्या महिन्यात सरासरीने लावलेले 1894.05 वजा व्हायला हवेत. ही वजावट 'समायोजित रक्कम' या ओळीत उणे चिन्हासह येते. भरायचे राहिले 3755 रुपये 15 पैसे.

आता कालावधी चुकून 1 महिना धरला गेला तर काय होते? पहिली 100 युनिट 471 रुपये, पुढची 200 युनिट 2058, आणि उरलेली 200 युनिट 14.55च्या दराने 2910. वीज आकार 5439. बरोबर हिशेबापेक्षा 1410 रुपये जास्त. शुल्क धरून 1635 रुपये 60 पैसे. मीटर चोख, युनिट खरी, गुणाकारही अचूक, आणि तरी दीड हजारांवर रक्कम जास्त. कालावधी बरोबर धरला पण सरासरीची वजावटच आली नाही, तर ग्राहक मागच्या महिन्याची वीज दुसऱ्यांदा विकत घेतो. सरासरी बिलानंतर आलेल्या पहिल्या खऱ्या बिलात म्हणून दोनच गोष्टी आधी बघाव्यात: महिने किती धरले आणि वजावट आली का.

इथे एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे, तीही माहीत असावी. दोन महिन्यांचा वापर एकत्र धरून टप्पे दुप्पट केले, तर वीज आकार कधीच जास्त होत नाही. झाला तर कमीच होतो. समजा त्या 500 युनिटमधली 450 एका महिन्यात आणि 50 दुसऱ्या महिन्यात जळली होती. दर महिन्याला रीडिंग झाले असते तर वीज आकार 4711.50 अधिक 235.50, म्हणजे 4947 झाला असता. एकत्र हिशेबात तो 4029च लागतो. दोन-तीन महिन्यांचे एकत्र बिल आले म्हणजे टप्प्यात फसवले, असे लगेच म्हणू नये ते यासाठी. आधी महिने मोजावेत.

2020च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न राज्यभर उभा राहिला होता. टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीपासून मीटर वाचणे थांबले, दोन-अडीच महिने सरासरी बिले गेली, आणि जूनमध्ये खरे रीडिंग घेऊन सगळा वापर एका बिलात आला. त्यातच 1 एप्रिल 2020पासून नवे दर लागू झाले होते, म्हणजे एकाच बिलात दोन दरपत्रके. शिवाय सगळे कुटुंब उन्हाळाभर घरात. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. महिन्यांच्या प्रमाणात टप्प्यांचा लाभ दिला आहे, असे महावितरणने तेव्हा सांगितले आणि आपले बिल ग्राहकाला स्वतः तपासता यावे म्हणून संकेतस्थळावर सोयही केली. ती सोय वापरणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच विचारावा लागत होता: ही युनिट किती दिवसांची?

नवे दर लागू होण्याच्या आधी सुरू होऊन नंतर संपणाऱ्या बिलात युनिटची दिवसांच्या प्रमाणात वाटणी करावी लागते. 16 मार्च ते 15 एप्रिल असा काळ असेल तर साधारण निम्मी युनिट जुन्या दराने आणि निम्मी नव्या दराने. अशा बिलाचा वीज आकार कोणत्याच एका तक्त्याशी जुळत नाही. तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो. एप्रिलचे बिल जुळले नाही म्हणून घाबरू नये. मेचे जुळायला हवे.

काही दिवस इकडेतिकडे होण्याचा प्रश्न यापेक्षा छोटा असला तरी गरीब घरांना तो जास्त बोचतो. रोज 3 युनिट वापरणारे घर धरू. तीस दिवसांत 90 युनिट, म्हणजे सगळी पहिल्या टप्प्यात. एका वेळी रीडिंग आठ दिवस उशिरा झाले आणि 38 दिवसांची 114 युनिट एका महिन्याची म्हणून लागली, तर 14 युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात. त्यांचा फरक 78.12, शुल्कासह 90 रुपये 62 पैसे. पुढचे रीडिंग वेळेवर झाले तर त्या बिलात 22 दिवसांची 66 युनिट येतात, पण पहिल्या टप्प्यातली रिकामी राहिलेली 34 युनिटची जागा कोणी परत देत नाही. साठ दिवसांत घराने 180 युनिटच वापरली आणि तरी नव्वद रुपये जास्त भरले. बिलावरच्या दोन रीडिंग तारखांमधले दिवस बोटांवर मोजता येतात. ते 30-31च्या फार पुढे असतील आणि कालावधी तरी 1 महिनाच लिहिला असेल, तर टप्पे दिवसांच्या प्रमाणात लावून मागण्याची ही जागा आहे.

वीज शुल्काची पडताळणी सगळ्यांत सोपी. 16 टक्के म्हणजे सव्वासहावा भाग, म्हणून शुल्काची रक्कम सव्वासहाने गुणली की ज्या रकमेवर ते लागले ती मिळते. 383.42 गुणिले 6.25 केले की 2396 रुपये 38 पैसे येतात. आपली बेरीज 2396.40 होती. दोन पैशांचा फरक पूर्णांकनाचा. उत्तर बरेच मोठे आले तर दोनपैकी एक शक्यता असते. एक तर शुल्क कुठल्या तरी जास्तीच्या रकमेवर लागले आहे. थकबाकी, तिच्यावरचे व्याज या रकमा शुल्काच्या बेरजेत यायच्या नसतात. किंवा शुल्काचा दरच वेगळा आहे. व्यापारी वापराला शुल्क 21 टक्के आहे. शुल्क भागिले बेरीज केल्यावर 0.16ऐवजी 0.21 आले, तर आपल्या घराची नोंद दुकान म्हणून झाली आहे का, ते बिलावरच्या दर संकेतात लगेच पाहावे. जुन्या मालकाचे तळमजल्यावर किराणा दुकान होते आणि आता तिथे राहते घर आहे, अशा जागी हे घडते. नुसते शुल्क नाही, युनिटचा दर आणि स्थिर आकारही मग व्यापारी लागलेला असतो.

स्थिर आकार बहुतेक लोक बघतही नाहीत, कारण तो वापरावर अवलंबून नसतो. घर महिनाभर बंद असले तरी तो लागतोच, आणि त्यावर 16 टक्के शुल्कही लागते. 2024-25मध्ये शून्य युनिटचे बिलदेखील 148 रुपये 48 पैसे होत होते. तो वाढलेला दिसला तर जोडणी सिंगल फेजची आहे की थ्री फेजची, हे बघावे. त्या वर्षी थ्री फेजला तो 424 रुपये होता. घरी सिंगल फेजचा मीटर असून आकार थ्री फेजचा येत असेल, तर दर महिन्याला शुल्कासह 343 रुपये 36 पैसे उगाच जात असतात, आणि वीज आकाराची ओळ बरोबर असल्याने कोणाला शंकाही येत नाही.

मुंबईत अदानी, टाटा किंवा बेस्टची वीज घेणाऱ्यांचे दर वेगळे आहेत आणि ओळींची नावेही थोडी वेगळी असतील. टप्पे महिन्याचे असणे आणि घरगुती शुल्क 16 टक्के असणे, हे तिथेही तसेच आहे.

या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी रीडिंग आहे. ते चुकले तर पुढचे सगळे जुळूनही बिल चूकच. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर तो नीट बघावा. फोटोतला मीटर क्रमांक आणि आपल्या मीटरवरचा क्रमांक एकच आहे का, ते प्रथम पाहावे. इमारतीत एका फळीवर आठ-दहा मीटर असले की शेजाऱ्याचे रीडिंग आपल्या नावावर जाऊ शकते. मग फोटोतला आकडा वाचावा. डिजिटल मीटरचा पडदा सारखा बदलत असतो; त्यावर तारीख, वेळ, सर्वाधिक मागणी असे बरेच काही येऊन जाते. आपल्याला हवा तो आकडा `kWh` असे लिहिलेल्या पडद्यावरचा. दशांश चिन्हानंतरचा अंक रीडिंगमध्ये धरायचा नाही. 6722.4 हे 67224 म्हणून नोंदले गेले तर साठ हजारांवर युनिटचे बिल येते. ते लगेच लक्षात येते. लक्षात येत नाही ते एखादा अंक बदलल्याचे. 6722च्या जागी 6772 लिहिले गेले, की 50 युनिट जास्त लागतात. ही चूक पुढच्या महिन्याच्या खऱ्या रीडिंगने युनिटपुरती भरून निघते, पण ती 50 युनिट वरच्या टप्प्यात लागली असतील तर पैशांपुरती पूर्ण भरून निघत नाही.

मीटर पळतोय अशी शंका असेल तर घरातला मेन स्विच पूर्ण बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. काही मिनिटे थांबूनही तो लुकलुकत राहिला तर मीटरच्या पुढे कुठेतरी वीज जाते आहे: गळती, कोणाची तरी जोडलेली तार, किंवा तो मीटर आपला नसणे. दिवा थांबला, रीडिंग जुळले आणि हिशेबही पैशापर्यंत जुळला, तर बिल बरोबर आहे आणि वापरच वाढला आहे. शंका असणाऱ्यांपैकी अनेकांना हे उत्तर मिळते, आणि तेही मिळायला हवे. त्यानंतर गीझर आणि जुन्या फ्रिजकडे बघता येते.

चूक सापडली तर कार्यालयात 'बिल जास्त आलंय' असे सांगू नये. तिथे रोज शंभर माणसे हेच सांगत असतात. माझ्या शेजारच्या एक काकू एका कार्यालयात गेल्या होत्या, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी त्यांना 'वापर वाढला असेल, काकू' एवढेच म्हटले. काकूंनी शांतपणे दोन्ही बिले पुढे ठेवली आणि विचारले, "बाई, या पाचशे युनिटना तुम्ही किती महिने धरलेत?" मग बाईंनी बिल हातात घेतले. अर्जही असाच लिहावा: ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, दोन रीडिंग तारखांसह, आपण मांडलेला हिशेब ओळीनुसार, बिलावरची रक्कम, आणि दोन्हींतला फरक. सोबत मीटरचा फोटो. अर्जाची पोच घ्यावी. फोनवर तक्रार करायची तर महावितरणचा 1912 हा क्रमांक आहे. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

तक्रार चालू असताना वीज तोडतील या भीतीने अनेक जण आधी सगळे भरून टाकतात आणि मग पाठपुरावा सोडतात. वीज अधिनियम 2003च्या कलम 56मध्ये याची सोय आहे. वादातली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत त्या थकबाकीसाठी जोडणी तोडता येत नाही. एरवीही थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल, मुंबईला आणि नागपूरला. मंचापुढे चालते ते कागदावर मांडलेले गणित. म्हणून दर महिन्याला रीडिंगच्या तारखेच्या आसपास आपल्या मीटरचा एक फोटो काढून ठेवा, त्यात मीटर क्रमांक आणि `kWh`चा आकडा दोन्ही स्पष्ट दिसू द्या, आणि बिले फेकू नका.